Re: घड्याळावर जीपीएक्स टाकून ट्रेक

> फाट्यावर चुकीची वाट घेतली तरी घड्याळ बराच वेळ गप्प, मग एकदम 'ऑफ कोर्स'. असं का?

कारण फाटे सुरुवातीला अगदी चिकटून जातात. समज दोन वाटांमध्ये २० अंशांचा कोन आहे, तर ५० मीटर चालल्यावर तू खऱ्या वाटेपासून जेमतेम १७ मीटर लांब असतोस, आणि दाट झाडीत किंवा घळीत जीपीएस तेवढं सहज हलतं, शिवाय ज्याने ट्रॅक रेकॉर्ड केला त्याचाही तसाच हललेला असतो. म्हणून घड्याळ लगेच अलर्ट देत नाही, दिला असता तर दिवसभर वाजतच राहिलं असतं.

कर्जतहून कोंदिवडे मार्गे राजमाचीला जाताना ढोरवाटा अशाच फुटतात. तिथे अलर्टची वाट बघू नकोस, फाटा यायच्या आधीच स्क्रीन झूम इन कर, लांबच्या स्केलवर दोन्ही वाटा एकच रेष वाटतात. मग तीस-चाळीस मीटर चालून रेषेपासूनचं अंतर बघ. ते साधारण तेवढंच राहिलं, म्हणजे तू रेषेला समांतर चाललायस, तर बहुतेक जीपीएसचाच फरक. पण प्रत्येक वेळी बघताना वाढतच असेल तर मागे फिर, झाडीतून आडवं कापून रेष गाठायला जाऊ नकोस, मध्ये घळ किंवा कडा असला तरी नुसत्या रेषेवर तो दिसत नाही.

आणि उभा राहून बाण बघू नकोस, बऱ्याच घड्याळांत तो चालण्याच्या दिशेवरून ठरतो त्यामुळे थांबलं की भरकटतो. दहा-पंधरा पावलं सरळ चाल, मग बघ.