टिक कशावर केली ते दाखवा

> 'नोकरीच्या अर्जाचं पत्र तपासायच्या यादीत स्पष्टता, समर्पकता, पुरावा, सूर, चुका, सगळ्यांपुढे टिक आली. तरी अंधेरीच्या अकाउंट्स असिस्टंटच्या जागेसाठी पत्र कच्चं वाटतंय.'

गाडी बहुतेक 'पुरावा'वर अडली आहे. अख्ख्या पत्राकडे बघून टिक करू नका. स्वतःबद्दलचा प्रत्येक दावा पेन्सिलने अधोरेखित करा आणि त्याच्या शेजारी ते वाक्य सिद्ध करणारा मजकूर शोधा. सापडला नाही, तर टिक नाही.

तुमच्या पत्रातलंच वाक्य घ्या: 'मला जीएसटीच्या कामाचा दांडगा अनुभव आहे.' हे शेजारच्या टेबलावरचाही लिहील. त्याऐवजी असं काही: 'दरमहा साधारण ३०० खरेदी बिलं जीएसटीआर-२बीशी जुळवतो आणि न जुळणाऱ्या बिलांसाठी पुरवठादारांच्या मागे लागून दुरुस्ती करून घेतो.' आकडा अर्थात तुमचा खरा घाला, मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो. आकडा नसेल तर काम कसं करता ते सांगा, तेही चालतं.

यातून समर्पकताही तपासली जाते. जाहिरातीत टॅली आणि जुळवणी मागितली असेल, तर कॉलेजच्या स्नेहसंमेलनाचा परिच्छेद सरळ उडवा. स्पष्टता मग आपोआप येते.

सुराचं म्हणाल तर 'कृपया एक संधी द्यावी' हे आर्जव काढा.

चुका सगळ्यात शेवटी बघा, कारण वाक्यं बदलली की नव्या शिरतात. स्पेलचेकला न सापडणारी एक हमखास चूक: मागच्या अर्जातल्या कंपनीचं नाव तसंच राहतं.