शब्दचर्चा: ‘अपुरा नफा’ आणि ‘किमान मोबदला’

सोनचाफा
एका पब्लिक लिमिटेड कंपनीच्या वार्षिक सभेची नोटीस मराठीत करून देते आहे. भागधारकांत जुने कामगार आणि आसपासच्या गावांतले शेतकरी बरेच, म्हणून कंपनीनेच मराठी प्रत मागितली. व्यवस्थापकीय संचालकांच्या फेरनियुक्तीच्या ठरावात एक वाक्य आहे, ते मी असं केलं: ‘एखाद्या वर्षी तोटा झाल्यास किंवा नफा अपुरा असल्यास वरील मोबदला हा किमान मोबदला म्हणून देण्यात येईल.’ मामांना वाचायला दिलं तर ते म्हणाले, “बरं झालं, नफा घटला की साहेबांचा पगारही किमानावर येणार.” मूळ वाक्याचा अर्थ तसा नसावा, पण माझ्या मराठीतून तोच निघतोय. दुसरं म्हणजे, अहवालात २६ कोटींचा करपूर्व नफा दिसतो. मग ‘अपुरा’ कशाला म्हणतात? पगार वर्षाला ९६ लाख आहे.

जुना कारकून
अपुरा म्हणजे ११ टक्क्यांत न बसणारा. कंपनी कायद्यात संचालकांच्या पगाराला निव्वळ नफ्याच्या ११ टक्क्यांची मर्यादा आहे. २६ कोटींचे ११ टक्के म्हणजे २ कोटी ८६ लाख. ९६ लाख त्यात सहज बसतात, तेव्हा हे वाक्य शोभेचं आहे. तोटा झालाच तर दिल्लीहून केंद्र सरकारची परवानगी आणावी लागते. आमच्या कंपनीत त्या फायलीमागे मी स्वतः धावलोय.

खतावणी
कारकूनसाहेब, तुम्ही धावलात ते दिवस गेले. मर्यादेबाहेरच्या पगारासाठी सरकारी मंजुरी घेण्याची अट १२ सप्टेंबर २०१८ पासून काढून टाकली आहे. आता तो निर्णय भागधारकांचा. सरकारकडे आजही जावं लागतं, पण ते नियुक्तीच्याच अटी पुऱ्या होत नसतील तर. समजा, नेमायचा माणूस परदेशातून येतोय आणि आधीचे सलग १२ महिने भारतात राहिलेला नाही.

११ टक्के ही सगळ्या संचालकांची मिळून मर्यादा. एकट्या व्यवस्थापकीय संचालकाला ५ टक्के. पूर्णवेळ संचालक एकाहून जास्त असतील तर त्या सगळ्यांना मिळून १० टक्के. राहिलेल्या, म्हणजे फक्त बैठकीला येणाऱ्या संचालकांना १ टक्का, आणि त्यांचा बैठक भत्ता यात धरत नाहीत.

सोनचाफा, तुमचा आकडा ५ टक्क्यांवर तपासायला हवा. पण ५ टक्के कशाचे, तेही बघू. अहवालातला २६ कोटी हा आकडा इथे चालत नाही. जमीन, इमारत किंवा एखादं युनिट विकून आलेला नफा आहे का त्यात?

सोनचाफा
हो, आहे. कारखान्यामागची मोकळी जमीन विकली, त्याचे १५ कोटी ‘इतर उत्पन्ना’त दाखवलेत. सगळ्या संचालकांचा मिळून मोबदला १ कोटी आहे. बाकी मोठं काही दिसत नाही.

खतावणी
मग झालंच. पगाराची मर्यादा काढायला कलम १९८ प्रमाणे वेगळा नफा काढतात. त्यात जमीन विक्रीचा नफा धरता येत नाही, म्हणून १५ कोटी वजा. संचालकांचा मोबदला खर्च म्हणून वजा झालेला असतो, तो परत मिळवायचा, म्हणून १ कोटी अधिक. आयकर वजा करायचा नाही. उरले १२ कोटी. त्याचे ५ टक्के म्हणजे ६० लाख, आणि पगार ९६ लाख. तुमच्या नोटिशीतला ‘अपुरा नफा’ तो हा. एरवी १२ कोटी कुणी अपुरे म्हणणार नाही, पण ९६ लाखांच्या पगाराला ते पुरत नाहीत. पगार पाच टक्क्यांत बसायला १९ कोटी २० लाखांचा नफा लागला असता.

मागच्या वर्षांचा तोटा भरून निघालेला नसेल तर तोही यातून वजा होतो. पुष्कळ जण हे विसरतात. चार वर्षं तोट्यात काढून पाचव्या वर्षी नफ्यात आलेल्या कंपनीत लोक पेढे वाटतात आणि सेक्रेटरी डोक्याला हात लावून बसतो.

उसाचं चिपाड
आमच्या सहकारी साखर कारखान्याचे कार्यकारी संचालक किती घेतात ते विचारायचं होतं. त्यांनाही पाच टक्केच का? गेल्या हंगामात कारखाना तोट्यात आणि साहेबांना नवी गाडी.

खतावणी
त्यांना हा कायदा लागत नाही. सहकारी कारखाना सहकार कायद्याखाली येतो, तिथे लोक ‘एमडी’ म्हणत असले तरी. गाडीचं वार्षिक सभेत विचारा, सभासद आहात ना?

उसाचं चिपाड
विचारलं होतं. माईक बंद पडला.

भोसरीकर
मी आणि बायको आमच्या प्रायव्हेट लिमिटेडचे दोघेच संचालक. शेडमध्ये सहा मशिनं आहेत. सीए म्हणतो पगार हवा तेवढा लावा, वरचं वाचून घाबरलो. आम्हाला पाच की दहा टक्के?

खतावणी
दोन्ही नाहीत. कलम १९७ ची टक्केवारी पब्लिक कंपनीला आहे, प्रायव्हेटला नाही. तुमच्या नियमावलीत काही लिहिलं असेल तर ते पाळा. पगार कामाच्या मानाने अवाजवी वाटला तर आयकरवाले तेवढा खर्च नाकारू शकतात, म्हणून ‘हवा तेवढा’ हे सीएकडून एकदा नीट समजून घ्या.

सोनचाफा
माझं ‘किमान’ राहिलं.

खतावणी
मामांची गफलत तिथेच झाली, आणि ती कुणाचीही होईल. नोटिशीत म्हटलंय की नफा पुरला नाही तरी हाच पगार, पुराच्या पुरा, मिळेल. ‘किमान’ हे संचालकाच्या बाजूने आहे, यापेक्षा कमी होणार नाही अशा अर्थाने. मराठी वाचणाऱ्याला ते कंपनीच्या बाजूने वाटतं, ‘किमान वेतनावर आणलं’ म्हणतो तसं.

पण कंपनीने लिहिलं म्हणून तेवढ्याने पगार देता येत नाही. नफा नसेल किंवा अपुरा असेल तर अनुसूची ५ मध्ये दुसरी मर्यादा आहे, ती कंपनीच्या प्रभावी भांडवलावरून ठरते. भरणा झालेलं भांडवल, राखीव निधी आणि लांब मुदतीची कर्जं मिळवून त्यातून गुंतवणुका आणि साठलेला तोटा वजा करायचा, असा ढोबळ हिशोब. ते ५ कोटींच्या आत असेल तर वर्षाला ६० लाख, ५ ते १०० कोटी असेल तर ८४ लाख, १०० ते २५० असेल तर १ कोटी २० लाख. तुमच्या कंपनीचं किती आहे?

सोनचाफा
स्पष्टीकरणाच्या टिपणात ७० कोटी लिहिलंय.

खतावणी
म्हणजे ८४ लाखांपर्यंत साधारण ठराव चालला असता. ९६ लाख त्याच्या वर जातात, म्हणून विशेष ठराव. नोटिशीत ‘विशेष ठराव’ असंच आहे ना? मराठीत ते ठळक ठेवा, सगळा जीव तिथे आहे. समजा प्रवर्तकांकडे ५५ टक्के शेअर आहेत. साधारण ठराव ते एकट्याच्या जोरावर काढतात. विशेष ठरावाला पडलेल्या मतांपैकी तीन-चतुर्थांश लागतात. बाकीच्यांकडच्या ४५ टक्के शेअरपैकी २५ टक्क्यांची मतं पडली तर प्रवर्तकांची ५५ धरून एकूण ८०, त्यातली ६० बाजूने हवीत. म्हणजे बाहेरच्या २५ पैकी २१ विरोधात गेली की ठराव पडला. मत न देणारा मोजलाच जात नाही.

पेठेतला
खतावणी, आकडे पुरे. हे खरंच कधी घडतं का? भागधारक सभेला अल्पोपाहारासाठी जातात.

खतावणी
जुलै २०१४, टाटा मोटर्स. जॅग्वार लँड रोव्हरमुळे समूहाचा एकत्रित नफा भरपूर होता, पण मर्यादा एकट्या कंपनीच्या नफ्यावर मोजतात आणि तो तोकडा. त्या वर्षीच्या जानेवारीत वारलेले व्यवस्थापकीय संचालक आणि दोन कार्यकारी संचालक यांच्या मोबदल्याचे विशेष ठराव तीन-चतुर्थांशापर्यंत पोचले नाहीत आणि पडले. मोठ्या संस्थांनी विरोधात मतं टाकली होती. कंपनीने भागधारकांना पुन्हा समजावलं, टपाली मतदान घेतलं आणि जानेवारी २०१५ मध्ये ते मंजूर झाले.

जुना कारकून
आणि मंजूर झाले नसते तर? दिलेला पगार परत?

खतावणी
परत. मर्यादेबाहेर मिळालेली रक्कम संचालकाने दोन वर्षांच्या आत, किंवा कंपनीने त्याहून कमी मुदत दिली तर तेवढ्यात परत करायची, आणि तोवर ती कंपनीची रक्कम म्हणून विश्वस्तासारखी सांभाळायची. वसुली सोडून द्यायची तर पुन्हा विशेष ठरावच लागतो. संचालक मंडळाला ते परस्पर माफ करता येत नाही. बँकेचे हप्ते थकलेले असतील तर भागधारकांकडे जाण्याआधी बँकेची संमती हवी. मला विचाराल तर संचालकाला खरी धास्ती बँकेच्या त्या पत्राची असते, भागधारकांची नाही.

पेठेतला
शब्दांवर येतो. ‘मोबदला’ बरोबर आहे. ‘मानधन’ अजिबात नको, ते कीर्तनकाराला आणि परीक्षकाला. कायद्याची मराठी हवी तर ‘पारिश्रमिक’, पण गावातला शेतकरी ते दोनदा वाचेल.
‘किमान’ काढूनच टाका: ‘तोटा झाला किंवा नफा या मोबदल्यास पुरेसा नसला, तरी वरील मोबदला न घटवता देण्यात येईल.’

जुना कारकून
मूळ ठरावात ‘किमान’ आहे तर मराठीतही हवं. उद्या वाद झाला तर कुठली प्रत धरायची?

सोनचाफा
वाद झाला तर इंग्रजी प्रत ग्राह्य, असं कंपनीने खाली छापलंय. मी पेठेतल्यांचं वाक्य घेते आणि तळटिपेत मूळ शब्द ठेवते.
एक राहिलं. नियुक्ती ५ वर्षांची आणि मोबदल्याचा हा ठराव ३ वर्षांचा लिहिलाय. मी टायपिंगची चूक समजून ५ करणार होते.

खतावणी
अजिबात करू नका! नियुक्ती एका वेळी जास्तीत जास्त ५ वर्षांची, पण अपुऱ्या नफ्यातल्या मोबदल्याचा ठराव ३ वर्षांहून जास्त चालत नाही. चौथ्या वर्षी नफा पुन्हा कमी पडला तर नवा ठराव.

अधिवक्ता आत्या
खतावणी, एक शंका. ९६ लाख म्हणजे १२ कोटींचे ८ टक्के. ५ च्या वर, पण एकूण ११ च्या आत. मग याला ‘अपुरा नफा’ म्हणायचंच कशाला? कलम १९७ मध्येच ५ टक्क्यांवर जायला विशेष ठरावाची वाट आहे. अनुसूची ५ चं कोष्टक, ३ वर्षांची अट, काहीच लागणार नाही.

खतावणी
तुमच्या बाजूचे वकील आहेत, माझ्या बाजूचेही आहेत. ‘अपुरा’ची व्याख्या कायद्यात नाही. मी सावध वाट धरतो, म्हणजे दोन्ही पोटकलमांचा उल्लेख करून एकच विशेष ठराव, आणि मुदत ३ वर्षं. त्यांच्या सेक्रेटरीनेही तेच केलेलं दिसतंय.

अधिवक्ता आत्या
सावधपणा म्हणून ठीक. अर्थ म्हणून पटलेलं नाही.