मदत हवी आहे: दुकानाच्या गाळ्याचा करार, भाडेवाढ आणि अनामत

काचबिंदू_नव्हे
नमस्कार. नाशिकमध्ये चष्म्याचे छोटे दुकान सुरू करण्यासाठी मी एक गाळा पाहिला आहे. मालक दरमहा २८,००० रुपये भाडे, ३ लाख रुपये अनामत आणि दरवर्षी १० टक्के वाढ मागत आहेत. करार मात्र अकराच महिन्यांचा करू, पुढे आपोआप वाढवत जाऊ, आपण काय परके आहोत का, असे त्यांचे म्हणणे आहे. माझे काचेच्या कपाटांवर आणि डोळे तपासण्याच्या खोलीवर साडेचार लाख रुपये जाणार असल्यामुळे, गिऱ्हाईक बसल्यावर बाराव्या महिन्यात त्यांनी भाडे दीडपट मागितले तर मी काय करणार, ही भीती आहे. मला पाच वर्षे हवी आहेत. त्यांना न दुखावता हा विषय कसा काढावा?

सरळमार्गी
अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, शंभर रुपयांच्या मुद्रांकावर काम होते, म्हणून सगळे तोच करतात. खर्च वाचतो, तुम्हीही तोच करा.

गाळा नंबर चार
हे इतर राज्यांत बऱ्याच अंशी खरे आहे, महाराष्ट्रात नाही. येथे भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार कितीही महिन्यांचा असला तरी नोंदवावाच लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची असते. पाच वर्षांच्या करारालाही फार पैसे पडत नाहीत: एकूण भाडे आणि अनामतीवर दरसाल १० टक्क्यांनी धरलेले व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क लागते, म्हणजे तुमच्या आकड्यांवर साधारण साडेपाच हजार रुपये.

मूळ प्रश्नाबद्दल सांगायचे तर, करारावर 'साठ महिने' लिहून घेतल्याने पाच वर्षे मिळत नाहीत. खाली कुठेतरी 'उभयपक्षी एक महिन्याच्या नोटिशीने करार संपुष्टात आणता येईल' असे एक वाक्य छापील मसुद्यात असते, आणि ते असले की तुमचा साठ महिन्यांचा करार प्रत्यक्षात एका महिन्याचाच ठरतो. म्हणून पहिले ३६ महिने मालकांना नोटीस देता येणार नाही, तुम्हाला मात्र तीन महिन्यांच्या नोटिशीने सोडता येईल, असे मागा. ते बहुधा लॉक-इन दोघांनाही लावू म्हणतील. तडजोड म्हणून तुमच्यावर बारा महिन्यांचे मान्य करा.

मालक अकरा महिन्यांवर का अडतात, तेही लक्षात घ्या. राहत्या घरासाठी मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडे लवकर दाद मागता येते, ती सोय दुकानाच्या गाळ्याला नाही. त्यामुळे भाडेकरू हटलाच नाही तर वर्षानुवर्षे कोर्टात जातील अशी त्यांना धास्ती असते. मुदतीनंतर गाळा न सोडल्यास दररोज दुप्पट भाडे देईन, हे कलम तुम्ही स्वतःहून सुचवा. माझ्या अनुभवात त्यानंतर बोलणी बरीच मोकळी होतात.

जुनी पेठ
आमच्या आजोबांनी पागडीने घेतलेल्या दुकानाचे भाडे आजही काही शेकड्यांत आहे. तुम्ही पागडीच का देत नाही?

गाळा नंबर चार
आजोबा, तो काळ आणि तो मालक दोन्ही गेले. येथे प्रश्न लिव्ह अँड लायसन्सचा आहे.

काचबिंदू_नव्हे
मनःपूर्वक आभार. वाढीचा हिशेब करून पाहिला. १० टक्क्यांनी पाचव्या वर्षी भाडे ४०,९९५ रुपये होते, ५ टक्क्यांनी ३४,०३४. पाच वर्षांच्या एकूण रकमेत सुमारे १ लाख ९५ हजारांचा फरक पडतो. वाढ कमी करण्याच्या बदल्यात अनामत ५ लाख करू का?

शटर_अर्धे_खाली
कृपया तसे करू नका. माझ्या मालकांनी गाळा सोडताना रंगकाम आणि शटरच्या दुरुस्तीच्या नावाखाली ७०,००० रुपये कापले, आणि उरलेले मिळायला सात महिने लागले. ताबा घेताना शटर, फरशी, वायरिंग यांचे तारखेसह फोटो काढून करारालाच जोडा, आणि 'चाव्या परत करताना त्याच वेळी अनामत परत' हे शब्द लिहून घ्या. 'गाळा रिकामा केल्यावर' एवढेच असेल तर किती दिवसांनी, हे कोणी सांगत नाही.

गाळा नंबर चार
सहमत आहे. शिवाय ३ लाखांवर ७ टक्के व्याज धरले तरी महिन्याला १,७५० रुपयांचे तुमचे व्याज बुडते, म्हणजे खरे भाडे २९,७५० आहे. मालकांपुढे हाच आकडा ठेवून वाढ कमी मागा. गाळ्यावर बँकेचे कर्ज आहे का, तेही विचारा, कारण बँकेने जप्ती आणली तर तुमची अनामत वसूल करणे सोपे नसते.

काचबिंदू_नव्हे
आज भेट झाली. साठ महिने आणि ७ टक्के वाढ त्यांनी मान्य केली; दुप्पट भाड्याचे कलम ऐकून ते हसले आणि लगेच 'लिहा' म्हणाले. लॉक-इन मात्र २४ महिन्यांच्या पुढे नेण्यास तयार नाहीत, आणि बँकेच्या कर्जाच्या प्रश्नावर 'ते माझे मी पाहीन' एवढेच उत्तर मिळाले. अनामत निम्मी आता आणि निम्मी कर्जाचे कागद पाहिल्यावर द्यावी, असे कोणी केले आहे का?