पहिली नोकरी: २२ जणांचं स्टार्टअप की मोठी कंपनी? सल्ला हवा

पहिलीपायरी: कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचं शेवटचं सेमिस्टर चालू आहे. हातात दोन ऑफर आहेत. एक हजारोंच्या मोठ्या कंपनीची. तिथे आधी तीन महिने ट्रेनिंग आणि मग जो मिळेल तो प्रोजेक्ट. दुसरी २२ जणांच्या स्टार्टअपची, त्यात इंजिनिअर पाच. तिथला पगार थोडा कमी आहे, पण चार वर्षांत मिळणारे शेअर्स आहेत आणि पहिल्या आठवड्यापासून खरं काम देणार म्हणतात. शिकायला स्टार्टअप बरं वाटतं, पण घरी शैक्षणिक कर्ज आहे. दहा दिवसांत कळवायचंय.

निवांत_७: डोळे झाकून मोठी कंपनी घे. तिथे नवीन मुलांना कोणी काढत नाही.

जुनाजाणता: असं नाही हो. मेटाने नोव्हेंबर २०२२ मध्ये सुमारे ११,००० आणि गूगलने जानेवारी २०२३ मध्ये सुमारे १२,००० माणसं कमी केली. मोठ्या ठिकाणीही नोकरी जाते. फरक इतकाच की तिथे जाताना बहुतेक वेळा हातात काहीतरी ठेवतात. गूगलने अमेरिकेतल्या लोकांना किमान १६ आठवड्यांचा पगार दिला होता. स्टार्टअपचे पैसे संपले की कधीकधी शेवटचा पगारही अडकतो.

पहिलीपायरी, स्टार्टअपला दोन गोष्टी विचार. बँकेत आहे ती रक्कम आजच्या खर्चाने किती महिने पुरेल? आणि तू लिहिलेला कोड कोण वाचणार?

घडीचा_प्रवासी: मी मेकॅनिकलचा, सहा वर्षं नोकरी झाली. स्टार्टअप काढायचा विचार माझाही आहे. भागीदार आधी पक्का करा, नंतर भांडणं होतात.

पहिलीपायरी: दादा, मी काढत नाहीये, नोकरीला लागतेय :)
@जुनाजाणता, आज फोन करून विचारलं. आधी थोडे गडबडले, मग म्हणाले नऊ महिने पुरतील, पुढच्या फंडिंगची बोलणी चालू आहेत. कोड "सगळे मिळून बघतो" म्हणाले.

जुनाजाणता: विचारलंस ते छान केलंस, आणि आकडा सांगितला ही त्यांच्याही बाजूने चांगली गोष्ट आहे. आता तो आकडा नीट बघ. पैसे उभे करायला सहज चार-सहा महिने जातात, म्हणजे तू रुजू झाल्यावर तीन-चार महिन्यांतच वारं कुठल्या दिशेचं आहे ते कळेल. शेअर्सच्या कागदात क्लिफ किती आहे? बहुतेक ठिकाणी एक वर्षाचा असतो, त्याआधी बाहेर पडलीस तर एकही शेअर तुझा होत नाही. पैसे नऊ महिन्यांचे आणि क्लिफ बारा महिन्यांचा असेल, तर आज दोन ऑफर ताडताना शेअर्सची किंमत शून्य धर.

मला जास्त काळजी दुसऱ्या गोष्टीची आहे. नऊ महिन्यांनी ते बंद पडलं तर तू ना धड फ्रेशर, ना धड अनुभवी. कॉलेजमधून होणाऱ्या भरतीत तुला घेणार नाहीत आणि बाहेरच्या बऱ्याच जागांना एक-दोन वर्षांचा अनुभव लागतो. त्यात कर्जाचे हप्ते. माझ्या हाताखाली असे दोघं आले होते. हुशार होते, पण मधे सहा-सात महिने घरी बसून काढलेले.

रात्रपाळी: थोडा विरोध नोंदवते. माझी पहिली नोकरी स्टार्टअपमध्येच, अकरा महिन्यांत बंद पडलं. तरी पुढची नोकरी दीड महिन्यात मिळाली, कारण तिथल्या सीनियर ताई माझी प्रत्येक ओळ वाचायच्या. एकदा मी लूपमध्ये डेटाबेसला हजारदा प्रश्न विचारत होते. त्यांनी स्वतः दुरुस्त केलं नाही, संध्याकाळभर शेजारी बसून माझ्याकडून शोधवून घेतलं. पुढच्या मुलाखतीत मी हेच सांगितलं. उलट माझी मैत्रीण मोठ्या कंपनीत ट्रेनिंगनंतर पाच महिने बेंचवर होती, मग तिला जुन्या सिस्टिमच्या तक्रारी नोंदवायचं काम मिळालं. पगार वेळेवर आला, कोड मात्र लिहिला नाही.

म्हणून "सगळे मिळून बघतो" हे उत्तर मला खटकतं. सगळे बघतात तेव्हा बहुधा कोणीच बघत नाही. पाचांत आठ-दहा वर्षं काम केलेलं कोणी आहे का? असेल तर त्याच्याशी अर्धा तास बोलायला माग. मागच्या महिन्यात प्रोडक्शनमध्ये काय बिघडलं आणि कसं सापडलं, ते विचार. रंगून सांगितलं तर माणूस शिकवणारा आहे.

जुनाजाणता: हे मान्य. तशी व्यक्ती असेल तर माझंही मत थोडं हलेल. पण हप्ते तिचे आहेत, माझे नाहीत. सहा महिन्यांचे हप्ते घरून निघतील का, हे तिनेच सांगायला हवं.

निवांत_७: आणि मोठ्या कंपनीत बॉन्ड आहे का बघ. माझ्या भावाला दोन वर्षं अडकवलं होतं.

पहिलीपायरी: बॉन्ड नाही. क्लिफ एक वर्षाचाच आहे, आत्ता कागद उघडून पाहिला. मोठ्या कंपनीला प्रोजेक्ट कुठला ते विचारलं, ट्रेनिंगनंतरच ठरेल म्हणाले. स्टार्टअपमध्ये नऊ वर्षं अनुभव असलेले एकजण आहेत, गुरुवारी चारला त्यांच्याशी बोलणं ठरलंय. हप्त्यांचं आज रात्री बाबांशी बोलते. चार महिन्यांचे निघतील असं वाटतं, सहाचे नाही.