मदत हवी आहे: ओळख करून देण्याचे कबूल केलेल्या वरिष्ठांना आठवण कशी करावी?

कळवेकर: नमस्कार. मी सहा वर्षे सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. माझ्या आधीच्या कंपनीतले वरिष्ठ 16 दिवसांपूर्वी ऐरोली स्थानकावर भेटले, तेव्हा त्यांच्या कार्यालयातील टेस्टिंगच्या मॅनेजरशी माझी ओळख करून देतो, असे ते आपणहून म्हणाले. त्याच रात्री मी व्हॉट्सअ‍ॅपवर बायोडेटा पाठवला, त्यावर "नक्की" एवढे उत्तर आले आणि पुढे काहीच नाही. जागा कंपनीच्या संकेतस्थळावर अजून दिसते. "सर, त्याचे काय झाले?" असे लिहून मी दोनदा खोडले, कारण ते जाब विचारल्यासारखे वाटते. त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे.

घोडबंदरवासी: मी स्वतः माणसे निवडतो, म्हणून सांगतो. तुमच्या सरांना फोनमधला बायोडेटा ऑफिसच्या मेलवर घ्यायचा आहे, जागेचा क्रमांक शोधायचा आहे आणि तुमच्याविषयी चार ओळी स्वतः लिहायच्या आहेत. काम बहुधा तिथेच अडले असावे. ते सगळे तुम्हीच करून द्या. त्यांना जसाच्या तसा पुढे पाठवता येईल असा स्वतंत्र मेल लिहा, त्यात घरगुती विचारपूस नको, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर एवढेच कळवा:

"सर, ऐरोलीला बोलणे झाले होते त्या जागेसाठी, तुम्हाला सरळ पुढे पाठवता येईल असा मेल केला आहे. त्यात जागेचा क्रमांक, माझ्या कामाविषयी चार ओळी आणि बायोडेटा आहे. आता ओळख करून देणे सोयीचे नसेल, तर तसे निःसंकोच सांगा."

शेवटचे वाक्य गाळू नका. कदाचित त्या मॅनेजरशी त्यांचे आता पूर्वीसारखे बोलणे नसेल आणि ते सांगणे त्यांना अवघड जात असेल.

वाशीकर: त्यापेक्षा संकेतस्थळावर आजच अर्ज भरा आणि मग सरांना कळवा.

घोडबंदरवासी: जागा बंद व्हायला आली असेल तर हे बरोबर आहे. परंतु बऱ्याच कंपन्यांत उमेदवाराचा अर्ज आधीच आलेला असेल, तर नंतर कर्मचाऱ्याने केलेली शिफारस त्याच्या नावावर धरत नाहीत, म्हणून आधी सरांना विचारावे.

नेरूळची_मेधा: माझे ऑफर लेटर महापेच्या एका कंपनीत अडकले होते, तेव्हा मी एचआरला दिवसाआड फोन करत असे. तुम्हीही फोनच करा.

कळवेकर: मेधाताई, तिथे ते पत्र देणे एचआरचे कामच होते, सर मात्र माझ्यासाठी स्वतःचा शब्द खर्च करणार आहेत, त्यामुळे दिवसाआड फोन करणे मला योग्य वाटत नाही. घोडबंदरवासी, मेल आणि निरोप दोन्ही आज सकाळी पाठवले. उत्तर आले नाही तर?

घोडबंदरवासी: आठ-दहा दिवसांनी आणखी एकदाच विचारा. त्यानंतर मॅनेजरना थेट लिहा, मात्र सरांचे नाव त्यात घालू नका.

वाशीकर: थेट लिहिण्याआधी सरांना कळवायला नको का? उद्या ते दोघे जेवायला एकत्र बसले, तर सरांना ते बाहेरून समजेल.

घोडबंदरवासी: कळवले तर तो त्यांना तिसरा तगादा वाटेल, अशी मला भीती आहे. इतरांचा अनुभव काय आहे?