शब्दचर्चा : ‘तैयार और रजामंद’ याला मराठीत काय म्हणावे?

सुदामानगर, इंदूर
माझ्या मेव्हण्यांनी 12 ऑगस्ट 2022 रोजी इंदूरमध्ये एका घराचा सौदा केला. किंमत 42 लाख ठरली, 6 लाख बयाना दिला, आणि उरलेले 36 लाख देऊन 30 नोव्हेंबर 2022 पर्यंत रजिस्ट्री करून घ्यायची असे अनुबंधात लिहिले. विकणारे गृहस्थ आधी ‘नामांतरण होऊ द्या’ म्हणत राहिले आणि ऑगस्ट 2024 मध्ये नोटिशीच्या उत्तरात त्यांनी साफ नकार दिला. आता दाव्याचा हिंदी मसुदा आला आहे. त्यात वादी अनुबंधाच्या पालनासाठी ‘सदैव तैयार और रजामंद’ होता असे वाक्य आहे. सासूबाईंना मराठीत समजावताना मी ‘तयार होता’ एवढेच म्हणालो, तेव्हा त्यांनी विचारले की मग दुसरा शब्द कशासाठी? दोन्ही एकच आहेत का?

रामबागकर
माझ्या मते हे जोडशब्द आहेत, ‘धनदौलत’ सारखे. कायद्याच्या भाषेत अशी पुनरुक्ती फार असते. ‘तयार’ लिहिले की पुरे. आणि मुदतीची काळजी करू नका. नकार ऑगस्ट 2024 मध्ये आला, तेव्हा तीन वर्षे तिथून मोजायची. ऑगस्ट 2027 पर्यंत वेळ आहे.

निवृत्त रीडर, जिल्हा न्यायालय
रामबागकर, तीन वर्षे हा आकडा आपण बरोबर सांगितला, पण ती कुठून मोजायची ते चुकले, आणि या चुकीने दावाच बुडू शकतो, म्हणून आधी तेच लिहितो.

मुदत अधिनियम 1963 च्या अनुच्छेद 54 मध्ये दोन आरंभबिंदू आहेत. पालनासाठी तारीख ठरलेली असेल तर तीन वर्षे त्या तारखेपासून सुरू होतात. तशी तारीख ठरलेलीच नसेल, तरच नकार वादीला कळला त्या दिवसापासून. या अनुबंधात 30 नोव्हेंबर 2022 लिहिले आहे, म्हणून नकार कधी आला याने गणित बदलत नाही. तो दिवस सोडून मोजले तर शेवटचा दिवस 30 नोव्हेंबर 2025 येतो. तो रविवार आहे, म्हणून न्यायालय उघडते त्या दिवशी, म्हणजे सोमवारी 1 डिसेंबरला दाखल केले तरी चालेल. पण त्या एका दिवसाच्या भरवशावर राहू नये. मुदत टळली तर प्रतिवादीने आक्षेप घेतला नाही तरी न्यायालयाला दावा फेटाळावाच लागतो.

आता शब्दांकडे येतो. ही पुनरुक्ती नाही. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम 16 च्या खंड (ग) मध्ये हे दोन शब्द आहेत आणि न्यायालये ते वेगळे तपासतात. पहिला शब्द ऐपतीचा आहे : 36 लाख देण्याची क्षमता होती का? दुसरा वर्तनाचा : ते देऊन घर घेण्याची खरी इच्छा वागण्यातून दिसली का? तिजोरीत पैसे असूनही भाव उतरण्याची वाट पाहत बसणारा ‘तयार’ आहे पण ‘राजी’ नाही. रोज निरोप पाठवणारा पण ज्याच्याकडे पैशाची सोयच नाही तो ‘राजी’ आहे पण ‘तयार’ नाही. दोघांचाही दावा पडतो. म्हणून मराठीत ‘सक्षम आणि राजी’ म्हणावे असे मला वाटते. ‘तयार’ या आपल्या शब्दात दोन्ही अर्थ मिसळतात, आणि सासूबाईंना पडलेला प्रश्न त्यातूनच आला आहे.

सुदामानगर, इंदूर
काका, फार आभारी आहे. पण ऐपत दाखवायची कशी? मेव्हण्यांच्या खात्यात कधीच 36 लाख नव्हते. 11 लाखांची मुदत ठेव होती आणि नोव्हेंबर 2022 मध्ये बँकेने 25 लाखांचे गृहकर्ज मंजूर केले होते.

निवृत्त रीडर, जिल्हा न्यायालय
रोख हातात असणे आवश्यक नाही. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटले आहे की न्यायालयाने सांगितल्याखेरीज रक्कम प्रतिवादीला देऊ करणे किंवा न्यायालयात भरणे अनिवार्य नाही. 11 आणि 25 मिळून 36 होतात, म्हणजे त्या दिवसापुरता आकडा जुळतो. मंजुरीपत्र आणि ठेवीची पावती दोन्ही जोडावीत. पण मसुद्यातला ‘सदैव’ विसरू नका. मंजुरी काही महिन्यांत संपते. 2023 मध्ये ती वाढवून घेतली होती का, ठेव मोडली तर पैसे कुठे गेले, हे उलटतपासणीत विचारले जाईल. कमजोर कडी मला इथेच दिसते.

राजी असल्याचा पुरावा म्हणजे रजिस्ट्रीसाठी स्लॉट घेतला होता का, विक्रीपत्राचा मसुदा पाठवला होता का, पहिली लेखी नोटीस कोणत्या तारखेची आहे. 1997 च्या विद्यानादम विरुद्ध वैरावन या निकालात करार 1978 चा होता, किंमत 60,000, आगाऊ 5,000, मुदत सहा महिने. खरेदीदार पुढे सुमारे अडीच वर्षे गप्प राहिला आणि तोवर भाव खूप चढले. दावा तीन वर्षांच्या आत होता, तरी सर्वोच्च न्यायालयाने पालनाचा हुकूम नाकारला. मुदतीत दावा येणे आणि सतत राजी असणे या दोन परीक्षा आहेत, एकीत उत्तीर्ण झाल्याने दुसरी सुटत नाही.

अलकापुरी, वडोदरा
आमच्याकडे अशा खरेदीच्या अनुबंधाला ‘बानाखत’ म्हणतात. माझ्या बानाखतात तारीखच नाही. ‘जमीन बिनशेती झाल्यावर दस्त करावा’ असे आहे. बिनशेतीचा हुकूम मागच्या वर्षी निघाला, मालक अजून ना हो म्हणत ना नाही. मी दर महिन्याला पैसे खात्यात पडून ठेवले पाहिजेत का?

निवृत्त रीडर, जिल्हा न्यायालय
ताई, पडून ठेवण्याची गरज नाही. मागितल्यास कुठून उभे कराल हे कागदाने दाखवता यावे. मुदतीचा प्रश्न मात्र नाजूक आहे. 2009 मध्ये अहमदसाहब अब्दुल मुल्ला विरुद्ध बीबीजान या निकालात ‘ठरलेली तारीख’ म्हणजे दिनदर्शिकेतली निश्चित तारीख असे म्हटले आहे. तो धरला तर आपल्याला नकारापासून तीन वर्षे मिळतील. तरीही समोरचा वकील हुकुमाच्या दिवसापासून मोजा असेच म्हणेल. मी आपल्या जागी असतो तर हुकुमाचा दिवसच आरंभ धरून मुदत पाळली असती, आणि आजच लेखी मागणी पाठवली असती. मालकाच्या मौनाला नकार म्हणायचे का, यावर वाद होतोच.

रामबागकर
आरंभबिंदूविषयी माझे म्हणणे मागे घेतो. पण एक विचारतो. विकणाऱ्याने ‘नामांतरण होऊ द्या’ म्हटले आणि मेव्हण्यांनी मान्य केले, तर 30 नोव्हेंबर ही तारीखच पुढे सरकली नाही का?

सुदामानगर, इंदूर
त्यांचे तसे संदेश मोबाइलवर आहेत, फेब्रुवारी 2023 चे. कागदावर सही मात्र नाही.

निवृत्त रीडर, जिल्हा न्यायालय
दोघांनी सही करून नवी तारीख लिहिली असती तर मुदत तिथून मोजता आली असती. नुसत्या संदेशावरून मुदतवाढ धरायची का, हे त्यातले शब्द आणि पुढचे वागणे पाहून ठरेल, आणि त्यात नवी तारीख नाही. म्हणून संदेश राजीपणाचा पुरावा म्हणून जोडावेत, मुदत वाचवण्यासाठी त्यांच्यावर विसंबू नये. दाव्यात पर्यायी मागणी म्हणून 6 लाख व्याजासह परत मिळावेत हेही स्पष्ट लिहा. बयान्याचा परतावा मागितलाच नसेल तर न्यायालय तो आपण होऊन देत नाही.

अलकापुरी, वडोदरा
‘सक्षम’ ठीक वाटतो, पण ‘राजी’ ऐवजी ‘इच्छुक’ का नको? आमच्या वकिलांच्या मराठी मसुद्यात ‘तयार व इच्छुक’ असेच होते.

निवृत्त रीडर, जिल्हा न्यायालय
‘इच्छुक’ मनातल्या इच्छेपाशी थांबतो, आणि न्यायालय मन नव्हे, वागणूक पाहते. ‘राजी’ मध्ये समोरच्याला दिलेला होकार आहे. वडोदऱ्यात ‘इच्छुक’ रूढ असेल तर मसुद्यात तोच ठेवावा, सासूबाईंना सांगताना मात्र ‘राजी’ म्हणावे.