ट्रिपच्या ग्रुपातनं पैसे भरलेल्यांची यादी कशी काढायची? अर्जंट

शहापूरकर७७: दांडेलीला चाललोय, चौदा जण, माणशी १००० अ‍ॅडव्हान्स. टेम्पोवाल्याला उद्या आकडा सांगायचाय. ग्रुपवर ढिगानं मेसेज, निम्मे गुड मॉर्निंग नि मिसळीचे फोटो. त्यातनं कुणी भरले, कोण नुसतं टाकतो टाकतो म्हणतोय नि कोण गप्प बसलाय हे कसं काढू? लवकर सांगा की.

कॅम्पातला: चॅट एक्सपोर्ट मार, मीडिया नको. टेक्स्ट फाइलमध्ये takto, taklo शोध. काम संपलं.

शहापूरकर७७: केलं. स्क्रीनशॉटच्या जागी नुसतं `<Media omitted>`. अंगठे दिलेले तर दिसतच नाहीत.

वडगावची वैनी: रिअ‍ॅक्शन एक्सपोर्टमध्ये येत नाहीत. आणि अंगठा म्हणजे मेसेज वाचला, पैसे दिले असं नव्हे. पैसे कुणाच्या खात्यावर येतायत?

शहापूरकर७७: माझ्याच, अजून कुणाच्या?

वडगावची वैनी: मग चॅट नंतर बघा, आधी बँकेचं स्टेटमेंट. किती जमा झालेत?

शहापूरकर७७: सात एन्ट्र्या, ८०००. स्क्रीनशॉट पण सातच. म्हणजे जुळलंच की.

वडगावची वैनी: कुठं जुळलं? सात एन्ट्र्यांत आठ हजार म्हणजे कुणीतरी दोघांचे भरलेत. प्रत्येक स्क्रीनशॉटवरचा बारा आकडी यूपीआय रेफरन्स नंबर स्टेटमेंटशी लावून बघा. नाव बघू नका, माणसं बायकोच्या खात्यातनं पण पाठवतात.

काळीकाठ: सुपा धरणातनं पाणी सोडलं तरच राफ्टिंग असतंय, ते विचारलात काय? नाहीतर आंबोलीला जावा, जवळ पडतंय.

कॅम्पातला: एवढे नंबर लावत कोण बसणार? हिशोबाचं अ‍ॅप घ्या. आमच्या ऑफिसात तेच चालतंय.

वडगावची वैनी: अ‍ॅपमध्ये पण "भरले" असं माणूसच टाकतो ना? बँक नाही टाकत.

शहापूरकर७७: लावलो. सहा जुळले, त्यातल्या एकानं २००० टाकलेत, साडूचे धरून. तो साडू ग्रुपात तोंड उघडला नाही, मी त्याला गप्प धरलो होतो. सातव्या स्क्रीनशॉटवर वर बारीक अक्षरात पेंडिंग लिहिलंय, खात्यात नाहीच. आणि एक १००० अनोळखी बाईच्या नावानं आलेत.

वडगावची वैनी: म्हणजे आठ जणांचे आले. पेंडिंगवाला टाकतो म्हणणाऱ्यांत धरा, त्याला बँकेत बघायला सांगा, कदाचित परत गेले असतील. उरलेले किती?

शहापूरकर७७: त्याला धरून सहा. तिघं "पगार झाल्यावर", दोघं नुसते अंगठे. त्या बाईचे पैसे कुणाचे ते कळेना, पण आठात धरलेत.

वडगावची वैनी: मग ते दोघं खरंच गप्प आहेत की त्या बाईचा नवरा त्यांच्यातलाच, हे अजून ठरलं नाही. ग्रुपवर विचारू नका, परत अंगठेच येतील. एकेकाला फोन लावा.

कॅम्पातला: टेम्पोवाल्याला आठच सांग.

शहापूरकर७७: आठ सांगितलो तर छोटी गाडी देतोय तो.